कान मुडपलेल्या फायली

कम्प्लायन्सच्या, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विभागाच्या, मॅडमचं पत्रक आलं तेव्हा मी डबा खात होते. ते वाचून माझा घास काही अडकला नाही. अशी पत्रकं आमच्याकडं ऊठसूट येतात. पासवर्ड कुणाला सांगू नका, गिऱ्हाइकाकडून भेटवस्तू घेऊ नका, दिवाळीची मिठाई आली तर वरती कळवा. मिठाई येत नाही ही गोष्ट वेगळी. त्यामुळं ‘दाव्यांतील संशयाची लक्षणं आणि त्यांची नोंद’ असा मथळा दिसल्यावर मी मनात म्हणाले, घ्या, आता संशयसुद्धा नियमाप्रमाणं घ्यायचा. माझा स्वभाव पहिल्यापासून जरा खवचटच आहे.

आमचं ऑफिस जालना रोडवर, दुसऱ्या मजल्यावर. खाली बॅटरीचं दुकान. विमा कंपनी म्हटलं की लोकांना पॉलिसी विकणारा माणूस आठवतो. आम्ही पैसे परत द्यायच्या बाजूचे, म्हणजे क्लेमवाले, त्यातही मोटारवाले. गाडी ठोकली की मालक नाहीतर गॅरेजवाला आमच्याकडं येतो. सर्व्हेअर गाडी बघून नुकसान किती ते लिहितो. आम्ही कागद तपासतो, मालकाशी बोलतो आणि क्लेम द्यावा की न द्यावा याची शिफारस करतो. पैसे सोडायचा अधिकार वरच्या साहेबाचा. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, पण गाडी ठोकलेला माणूस जितकं खरं आणि जितकं खोटं बोलतो तितकं एरवी बोलत नसावा. मला हे काम आवडतं.

ते आवडायला लावलं चाचांनी. ते माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचे. राहायला शहागंजात, घरचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान, पण यांनी जन्म क्लेममध्ये काढला. सगळं ऑफिस त्यांना चाचा म्हणायचं, साहेबसुद्धा. मला ते ‘बेटा’ म्हणायचे, आणि माझं काही चुकलं की ‘मॅडमजी’. मी मुकुंदवाडीहून धापा टाकत उशिरा पोचले की त्या दिवशी मॅडमजीच. मी नोकरीला लागले तेव्हा मला बंपर आणि बॉनेट यांतला फरकसुद्धा नीट माहीत नव्हता. त्यांनी मला गॅरेजात नेऊन दाखवलं, की ताजा ओरखडा कसा चकाकतो आणि जुन्यात धूळ कशी बसलेली असते, कुठं रंगाखाली दुसरा रंग निघतो. “गंज काय एका रात्रीत चढत नाय बेटा,” एवढं ते म्हणायचे, आणि मग बाकीचं मला बघायला लावायचे.

पत्रक आलं तेव्हा त्यांची नोकरी वर्षभराचीच उरली होती. पेन्शन, फंड यांची त्यांना फिकीर नव्हती. त्यांना एकच हवं होतं, नावाला बट्टा न लागता घरी जायचं. मोटार क्लेममध्ये इतकी वर्षं काढून कुणी त्यांच्याबद्दल वावगं बोललेलं मी ऐकलं नाही. गॅरेजवाले त्यांना चहासुद्धा पाजू शकत नव्हते. चाचा स्वतःच्या खिशातून सगळ्यांचे पैसे द्यायचे आणि वर त्यांनाच चिडवायचे.

आता त्यांच्या त्या रीतीबद्दल सांगायला हवं. एखाद्या क्लेमचा त्यांना वास आला, की ते काही लिहीत नसत. फाईलच्या पहिल्या कागदाचा वरचा उजवा कोपरा आतल्या बाजूला मुडपायचे. आम्ही त्याला फाईलीचा कान मुडपणं म्हणायचो. कागद सगळे बरोबर असतील तर शिफारसही बरोबरच करायचे, फक्त कान मुडपलेला. फाईल शेजारच्या खोलीत साहेबांकडं गेली की साहेब कोपरा बघायचे आणि दारातूनच हाक मारायचे. चाचा आत जायचे, दार ओढून घ्यायचे. बाहेर आले की कधी त्या क्लेमला खाजगी तपासनीस नेमला जायचा, कधी मालकाला पुन्हा बोलावलं जायचं, कधी नुसता कान सरळ व्हायचा. हे इतक्या वर्षांचं होतं की नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं जायचं. आम्हाला त्याचा अभिमान होता. मीही बाहेरच्यांना हा किस्सा फुशारकीनं सांगितला आहे.

ते लिहीत का नसत, हे मी एकदा विचारलं होतं. त्यांच्या शेजाऱ्याची माल वाहायची छोटी गाडी होती. ती ठोकली आणि क्लेम दुसऱ्या एका कंपनीकडं गेला. तिथल्या कुणीतरी कागदाच्या कडेला लिहिलं, एरिया संशयास्पद. माणसाबद्दल नाही, गाडीबद्दल नाही, नुसता पत्ता शहागंजचा, जुन्या शहरातल्या मुसलमान वस्तीचा होता म्हणून. पुढच्या प्रत्येक टेबलानं तेवढंच वाचलं. क्लेम शेवटी पास झाला, पण तोवर त्यानं गाडी विकून टाकली होती. “कागदावर गेलेलं परत येत नाय,” चाचा म्हणाले. “कान कसा, सरळ करता येतो.” त्यांच्या या बोलण्यात मला तेव्हा फार मोठं शहाणपण दिसलं होतं. आजही ते अगदीच खोटं वाटत नाही.

मग दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या. जुने साहेब बदलून गेले आणि मंजुरीचं काम पुण्याला गेलं. फाईल आता शेजारच्या खोलीत जात नव्हती. ठेकेदाराची एक मुलगी दुपारी यायची, कागद स्कॅन करायची, आणि मूळ फाईल गठ्ठ्यात बांधून भाड्याच्या गोदामात जायची. पुण्याला बसलेला मंजुरीचा अधिकारी आम्हाला फक्त फोनवरच्या आवाजानं माहीत. आणि ती मुलगी कामाला चोख. मुडपलेला कागद मशीनमध्ये अडकतो, म्हणून प्रत्येक कागदाचा कोपरा नखानं दाबून सरळ करायची, मगच मशीनमध्ये घालायची. ती आमच्या डोळ्यांसमोर हे करत होती. आम्ही म्हणायचो, किती नीटनेटकी आहे.

मॅडमचं पत्रक याच सुमाराला आलं. त्या पुण्याच्या ऑफिसात, माझ्याहून लहान, मूळच्या लातूरकडच्या. पत्रक इंग्रजीत होतं, सोबत त्यांनी स्वतः केलेलं मराठी. ते मराठी भाषांतरासारखं वाटत नव्हतं, कुणी समोर बसून सांगावं तसं होतं. आधी लक्षणं. पॉलिसी घेतल्यावर लगेच अपघात. निर्जन रस्ता, साक्षीदार नाही, दुसरं वाहन नाही. वेगवेगळ्या मालकांच्या क्लेमवर एकच फोन नंबर. एकच गॅरेज पुन्हा पुन्हा. मालकाला अपघाताचं फारसं ठाऊक नाही, पण विम्याची भाषा मात्र तोंडपाठ. रक्कम कमी केली तरी चालेल, फक्त लवकर द्या, अशी घाई. सांगितलेली धडक आणि दिसणारं नुकसान यांचा मेळ नाही. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की यातलं एखादं लक्षण खऱ्या क्लेममध्येही सहज सापडतं. नवी गाडी पहिल्याच आठवड्यात ठोकणारे खरोखरचे लोक असतात. लक्षण दिसलं म्हणजे विचारपूस करायची, निकाल द्यायचा नाही.

मग नोंद कशी करायची ते. संशय क्लेमच्या फाईलीत लिहायचा नाही, व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही. संगणकावर त्याची वेगळी जागा आहे, ती नोंद फक्त मॅडम आणि फसवणूक तपासणारा विभाग बघतो. नोंद त्याच दिवशी करायची, आणि शिफारस करायच्या आधी, कारण शिफारस म्हणजे तुम्ही तपासून सही केली असा अर्थ होतो. काय पाहिलं, कुठल्या कागदात, कुणी काय सांगितलं, ते शक्यतो त्याच्याच शब्दांत. तुम्हाला काय वाटलं ते वेगळं लिहायचं आणि वाटलं म्हणूनच लिहायचं. माणसाला खोटारडा, ठग म्हणायचं नाही. जात, धर्म, वस्ती, पेहराव ही लक्षणं नाहीत, ती नोंदीत आली तर नोंद लिहिणाऱ्याला विचारणा होईल. गिऱ्हाइकाला, गॅरेजला, सर्व्हेअरला चाहूल लागू द्यायची नाही. संशय आला म्हणून क्लेम आपल्या मनानं दाबून ठेवायचा नाही, तो निकाली काढायची मुदत चालूच असते. नोंद पुढं पाठवली की तपास करायचा की नाही ते विभाग ठरवतो. जुनी नोंद खोडायची नाही. खुलासा मिळाला तर तोही त्याखाली नव्यानं लिहायचा, म्हणजे ज्याच्यावर उगाच शंका घेतली तो मोकळा होतो.

हे सगळं मी चाचांना वाचून दाखवलं. ते खुश झाले. वस्तीबद्दलचं वाक्य तर त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. “बाई हुशार हाय,” म्हणाले. “हे माझ्या शेजाऱ्याच्या वक्ताला पायजे होतं.” मला वाटलं, आता लिहायला लागतील. मी तसं विचारलंही. तर म्हणाले, “तू लिही. तुझी उमर हाय लिहायची. माझा हात आता कोपऱ्यालाच जातो.” मी हसले. मीही त्या नोंदीच्या पानावर तेव्हा फारशी जात नव्हते. आमच्यात सगळ्यांनी पत्रक वाचल्याची पोच दिली आणि ते ड्रॉवरमध्ये गेलं.

मग पडेगावच्या गाड्या यायला लागल्या. दौलताबादच्या रस्त्याला एक गॅरेज होतं, तिथून. एक जुनी गाडी आली. रात्री कुत्रं आडवं आलं, वाचवायला गेलो, झाडाला धडकलो. महिन्याभरानं दुसरी, मालक वेगळा, पुन्हा कुत्रं आणि झाड. तिसऱ्या वेळी मी म्हणाले, पडेगावची कुत्री आपल्याच पॉलिसीवाल्यांच्या मागं का लागलीत कळत नाही. चाचा हसले नाहीत. ते फोटो बघत होते.

ऑफिसखाली बॅटरीच्या दुकानाला लागून चहाची टपरी आहे. तिथं उभं राहून ते त्याच सुमाराला एकदा मला म्हणाले, “ही टक्कर झाडाची नाय बेटा. झाडाला धडकलं की मधोमध खड्डा पडतो. हे आडवं चेपलंय, भिंतीला लावल्यासारखं. आन् हा बंपर मी आधी बघितलाय. दुसऱ्या गाडीवर.” मी म्हणाले, मग? ते म्हणाले, “मग काय, सर्व्हेअरनं तर मान्य केलंय. कागद सगळे ठीक हायेत. मी कान मुडपलाय. पुण्यावाले विचारतील तवा सांगतो.” चहा संपवून आम्ही वर आलो. नोंदीच्या पानावर जाऊन तेच चार वाक्यांत लिहायला किती वेळ लागला असता, हे मी नंतर फार वेळा मोजत बसले. तेव्हा मला ते सुचलंही नाही. आमच्यासाठी गोष्ट सांगून झाली होती.

पुण्याहून कुणी विचारलं नाही. त्यांना कोपरा सरळ, कागद पूर्ण आणि खाली चाचांची शिफारस दिसली. पैसे सुटले. नंतरही त्या गॅरेजच्या गाड्या आल्या, तसाच कान, तशीच शिफारस. चाचांना वाटत होतं, वरती कुणीतरी फायली बाजूला काढत असेल, एकदम जाळं टाकतील. ते मला धीरानं सांगायचे, थांब, मोठं काहीतरी चाललंय. त्यांचा त्या जुन्या खोलीवर इतका विश्वास होता, की ती खोली आता नाही हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

शेवटी हेड ऑफिसच्या कुठल्याशा तपासणीत दोन क्लेमना एकच फोटो लावलेला सापडला. धागा ओढला तर सगळं पडेगावचं गॅरेज निघालं. गॅरेजवाल्यावर पोलिसात तक्रार गेली, सर्व्हेअरचं काम थांबवलं. आणि मग प्रश्न आला की हे सगळे क्लेम एकाच माणसाच्या शिफारशीनं कसे गेले. मॅडम स्वतः आल्या, सोबत तपास विभागाचा एक गृहस्थ. मॅडमना आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. आल्या आल्या त्यांनी आम्हाला सांगितलं, की चौकशी संपेपर्यंत या क्लेमबद्दल आपापसात बोलू नका.

चाचांनी त्यांना फाईलीच्या कानांबद्दल सांगितलं. शांतपणे, कसलीही लपवाछपवी न करता. मला आतून बरं वाटलं. मला वाटलं, आता गोदामातून फायली येतील, कोपऱ्यावर घडी दिसेल आणि संपलं. फायली आल्या. मीच त्या टेबलावर लावल्या. मॅडमनी एकेक उघडून कोपरा खिडकीच्या उजेडात धरला. घडीच्या रेघा होत्या. चाचा म्हणाले, “बघा.” मग मॅडमनी त्याच गठ्ठ्यातल्या दुसऱ्या फायली काढल्या, ज्यांचा त्या गॅरेजशी काही संबंध नव्हता. त्यांच्याही कितीतरी कोपऱ्यांवर घड्या होत्या. गठ्ठे बांधताना पडलेल्या, कपाटात कोंबताना पडलेल्या. त्यांनी त्या सगळ्या एकत्र मांडल्या आणि चाचांना विचारलं, यातल्या तुमच्या कोणत्या?

चाचा वाकून बघत राहिले. त्यांनी काही उचलल्या. एक ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. मला तिथं उभं राहवेना. ज्या माणसानं मला नवा ओरखडा आणि जुना ओरखडा ओळखायला शिकवलं, त्याला स्वतःच्या हाताची घडी ओळखता येत नव्हती. शेवटी ते म्हणाले, “नाय सांगता येत.” मॅडमनी ते लिहून घेतलं. त्यांचा चेहरा बघून मला त्यांचाही राग करता आला नाही.

मग माझी पाळी आली. मी आपण होऊन सांगितलं, की चाचांनी मला टपरीवर हे बोलून दाखवलं होतं, बंपरबद्दल, भिंतीबद्दल. मॅडम एकदम पुढं झुकल्या. म्हणाल्या, हे महत्त्वाचं आहे, हे तुम्ही लेखी द्या. कोणत्या गाडीबद्दल बोलले? शिफारस करायच्या आधी की नंतर? तारीख आठवते? मी म्हणाले, आठवून लिहिते. त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतची मुदत दिली. दाराबाहेर बसलेल्या चाचांना हे सगळं ऐकू जात होतं.

गाडी आठवत नव्हती. तिसरी की चौथी? आणि तारीख कुठून आठवणार? तो आमचा रोजचा चहा होता. पण शिफारशीच्या तारखा माझ्यासमोर संगणकावर होत्या. त्यातली एक घेऊन त्याच्या आदल्या दिवसाची तारीख टाकली की काम झालं असतं. शिफारस करायच्या आधी त्यांनी सहकाऱ्याला संशय बोलून दाखवला, म्हणजे ते गॅरेजवाल्याला सामील नव्हते. सगळं खरंच होतं, एक तारीख सोडून. मी रात्रभर स्वतःला हेच सांगत होते. सकाळी उठले तेव्हा माझं ठरलं होतं.

जिन्यात चाचा उभे होते. आपापसात बोलायचं नाही हे त्यांनी तोवर कसोशीनं पाळलं होतं. त्या दिवशी फक्त थांबले आणि म्हणाले, “मॅडमजी, तारीख ठोकून देऊ नका.”

एरवी मॅडमजी म्हणतानाही ते एकेरीच बोलायचे; इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मला अहोजाहो करून बोलले. मी म्हणाले, पण चाचा, तुम्ही बोलला होता हे खरंय ना. ते म्हणाले, “बोललो व्हतो. ते लिहा. पन कधी ते तुमाला बी ठावं नाय आन् मला बी. त्या गॅरेजवाल्यानं तरी काय केलं? गाडी खरी, टक्कर खोटी. तुमचं बी तसंच, बोलणं खरं, तारीख खोटी. म्या आयुष्यभर असली तारीख पकडली. आता तीच माझ्या नावावर नका लावू.” एवढं बोलून ते वर गेले.

मी पत्रकात होतं तसं लिहिलं. काय ऐकलं, कुठं ऐकलं, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. तारीख आठवत नाही. कोणत्या गाडीबद्दल ते नक्की सांगता येत नाही. मला जे वाटतं ते मी खाली वेगळं लिहिलं, की ते प्रामाणिक आहेत असं मला वाटतं. मॅडमनी वाचलं. त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, नक्की आठवत नाही? मी नाही म्हणाले. त्यांनी कागद फाईलीला लावला.

अहवाल आला तो चाचा निवृत्त व्हायच्या थोडं आधी. त्यांच्याशी संबंधित भागाची प्रत त्यांना मिळाली, ती त्यांनी मला वाचायला दिली. गॅरेजशी त्यांचा आर्थिक व्यवहार असल्याचं आढळलं नाही. शिफारशीआधी संशय नोंदवल्याचं आढळलं नाही. संशय बोलून दाखवल्याचं एका सहकाऱ्यानं सांगितलं, परंतु ते शिफारशीआधी की नंतर हे निश्चित करता आलं नाही. सूचना मिळूनही नोंद न करणं हा कामातला निष्काळजीपणा आहे. लेखी ताकीद, आणि ती नोकरीच्या कागदात राहील. पुढं काही नाही. सामील होते असं नाही, आणि नव्हते असंही नाही.

“यातला एक बी शब्द खोटा नाय,” चाचा म्हणाले. मला वाटलं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते कागदाकडं बघत होते. म्हणाले, “बाईनं बराबर लिहिलंय. वाटलं ते नाय लिहिलं, बघितलं ते लिहिलं.”

त्यांनी निरोपसमारंभ नको म्हणून सांगितलं. आम्ही तरी आग्रह कुठल्या तोंडानं करणार? शेवटच्या दिवशी ते ड्रॉवरमधलं सामान पिशवीत भरून पाच वाजता निघाले, नेहमीसारखे. मी खाली सोडायला गेले. टपरीवाल्यानं चहा पुढं केला, तर ते म्हणाले, आज नको. दुसऱ्या दिवसापासून त्या टेबलावर स्कॅनरची मशीन आली.

मॅडमचा फोन आला तो त्यानंतर काही दिवसांनी. दुसऱ्याच कामाचा होता. काम बोलून झाल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, तुमचे चाचा कसे आहेत? मी म्हणाले, बरे आहेत. त्या म्हणाल्या, मला मनापासून वाटतं ते प्रामाणिक होते. मी काहीशा कडवटपणानं म्हणाले, मग तसं लिहायचं होतं ना मॅडम. त्यांनी राग मानला नाही. म्हणाल्या, मी लिहिलं असतं तर पुढच्या वेळी दुसरं कुणीतरी वाटतं म्हणून एखाद्याला चोर लिहील. त्याला मी काय म्हणून अडवणार? नियम त्यांचा बरोबर होता आणि तो चाचांच्या शेजाऱ्यासारख्यांसाठीच केलेला होता, हे मला कळत होतं. तरीही फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

आता मी नोंदी लिहिते. त्याच दिवशी, शिफारशीआधी, पाहिलं ते एका बाजूला, वाटलं ते दुसऱ्या बाजूला. ऑफिसात माझा त्याबद्दल लौकिक आहे, नवीन मुलांना माझ्याकडंच शिकायला बसवतात. कुणी मला हुशार म्हटलं की मला कसंतरी होतं.

मध्ये एकदा मी शहागंजात गेले होते. चाचा दुकानात भावाशेजारी बसलेले, डोळ्याला भिंग लावून. मला बघून उठले, आत घरात नेलं. त्यांच्या सूनबाईंनी चहा केला. चाचा नमाजाला बाहेर गेले तेव्हा त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. गल्लीत लोक काहीबाही बोलतात, म्हणाल्या. गॅरेजवाल्याला पकडलं ते पेपरात आलं होतं, आणि अब्बा त्याच वेळी घरी बसले. अब्बा स्वतः काही सांगत नाहीत. तुम्ही तर शेजारी बसत होता. नक्की काय झालं होतं?

मी त्यांना सगळं सांगितलं. जितकं पाहिलं आणि ऐकलं होतं तितकं सगळं. शेवटी म्हणाले, ते पूर्ण प्रामाणिक होते, माझ्याहून जास्त कुणाला माहीत असणार? त्यांनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला होता, मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी दाराकडं बघून आवाज खाली केला आणि साधंच विचारलं, “मग ऑफिसनं तेवढंच एका कागदावर लिहून का नाही दिलं?”